वायद्याची ओळ पिवळी व्हावी म्हणून: मावशीच्या शिवणकामाच्या तक्त्याच्या नोंदी

शनिवार, २९ मार्च २०२५

उद्या पाडवा. मावशीच्या दुकानात आज पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात एक बाई हळदीचं ब्लाउज न्यायला आल्या आणि ते अजून कापलेलंही नव्हतं. वहीत वायदा २८ चा लिहिलेला होता. चूक शिवणाऱ्यांची नव्हती. वहीत कामं ज्या दिवशी आली त्या क्रमाने उतरलेली असतात आणि वायदा असतो शेवटच्या रकान्यात. आज काय द्यायचं आहे हे कळायला रोज सकाळी महिनाभराची पानं मागे उलटावी लागतात, आणि लग्नसराईत ते होत नाही.

मावशीचं म्हणणं एका वाक्यात होतं, "अगं, मला बाकी काही नको, आज ज्यांचे वायदे आहेत ते मला सकाळी दुकान उघडताना डोळ्यांत भरले पाहिजेत."

गुगल शीट्समध्ये करायचं ठरवलं, कारण तक्ता मावशीच्या फोनवरही दिसायला हवा आणि काऊंटरवरच्या लॅपटॉपवरही. रकाने सात: पावती क्रमांक, नाव, काम, अस्तर, वायदा, स्थिती, शेरा. म्हणजे वायदा `E` मध्ये आणि स्थिती `F` मध्ये. माझ्याकडे घरखर्चाची एक जुनी शीट होती, तयार नमुन्यावरून घेतलेली. तिचीच प्रत काढून आतलं सगळं पुसलं आणि वर नवी शीर्षकं टाकली.

गुरुवार, ३ एप्रिल

तीन संध्याकाळी बसून वहीतल्या सगळ्या चालू पावत्या उतरवल्या. १८६ ओळी झाल्या. काऊंटरवरची ताई वाचत होती, मी टाइप करत होते आणि मध्ये मध्ये उलटंही. वायदे आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिले, आधी दिवस, मग महिना: `15/04/2025`. काही तारखा रकान्यात डावीकडे चिकटल्या आणि काही उजवीकडे. रकाना ओबडधोबड दिसतो, नंतर सरळ करेन.

शुक्रवार, ४ एप्रिल, संध्याकाळ

आज नियम बसवला. आधी तयार पर्याय वापरून पाहिला. वायद्याचा रकाना निवडून `Format` मधून `Conditional formatting` उघडलं आणि अटीत `Date is`, पुढे `today` निवडलं. चालला, पण फक्त तारखेचा चौकोन रंगला. मावशीच्या फोनवर एका वेळी पहिले तीनच रकाने दिसतात आणि वायदा पाचवा आहे. रंगलेला चौकोन पडद्याबाहेरच राहतो. म्हणून रंगायची ती पूर्ण ओळ, म्हणजे पावती आणि नावापासूनच पिवळं दिसेल.

त्यासाठी स्वतःचं सूत्र लिहावं लागतं. `Apply to range` मध्ये `A2:G1000` दिलं, अटींच्या यादीच्या तळाशी असलेलं `Custom formula is` निवडलं आणि लिहिलं:

```
=E2=TODAY()
```

यात फक्त पावती क्रमांकाचे चौकोन पिवळे झाले. थोडं थांबून विचार केला तेव्हा कारण कळलं. हे सूत्र निवडलेल्या भागाच्या डाव्या-वरच्या चौकोनासाठी, म्हणजे `A2` साठी लिहिलेलं धरलं जातं आणि बाकीच्या चौकोनांसाठी ते तितकंच सरकतं. `A2` ने `E2` पाहिलं, ते बरोबर. पण `B2` एक घर उजवीकडे आहे, म्हणून त्याने `F2` पाहिलं आणि तिथे तारीखच नाही. रकाना सरकू द्यायचा नसेल तर त्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह लावायचं. ओळीच्या आकड्याआधी मात्र लावायचं नाही, कारण प्रत्येक ओळीने आपापली तारीख बघायला हवी.

```
=$E2=TODAY()
```

अख्ख्या ओळी पिवळ्या झाल्या. दुसरी एक चूक मुद्दाम करून पाहिली: भाग `A1` पासून घेतला आणि सूत्रात `$E2` तसंच ठेवलं. तेव्हा योग्य ओळीच्या बरोबर वरची ओळ रंगते. भागाची पहिली ओळ आणि सूत्रातली ओळ एकच असली पाहिजे, एवढं त्यावरून लक्षात ठेवायचं.

आजच्या तारखेच्या तीन पावत्या होत्या आणि तिन्ही पिवळ्या झाल्या. मावशीला दाखवलं, तिने वहीशी ताडून पाहिलं. रंग फिकट पिवळा ठेवला आहे. आधी गडद केशरी दिला होता, पण दुकानाच्या दारातल्या उन्हात फोनवर अक्षरं वाचता येईनात.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी मावशीचा फोन आला, "कालचेच तीन दिसतायत गं." मला वाटलं तिच्या फोनवर जुनंच उघडं राहिलं असेल. बंद करून पुन्हा उघड म्हणाले.

दुपारी दोनला दुकानात गेले तर एकच ओळ पिवळी होती. आणि वहीप्रमाणे आज चार वायदे आहेत. त्या चारांपैकी एकही पिवळी नाही. जी पिवळी आहे ती एका नवरीच्या शालूवरच्या ब्लाउजची, आणि तिचा वायदा ४ मे आहे. लग्न महिनाभर लांब, कापडावर अजून खूणही केलेली नाही.

४ मे आणि ५ एप्रिल. कागदावर `04/05` आणि `05/04` लिहून समोरासमोर ठेवलं तेव्हा उलगडलं. ही शीट तारखा अमेरिकी पद्धतीने वाचते आहे, आधी महिना आणि मग दिवस. आपण लिहिलेला ४ मे तिच्या लेखी ५ एप्रिल, आणि आपला ५ एप्रिल तिच्या लेखी ४ मे.

काल सगळं बरोबर चाललं ते केवळ काल ४ एप्रिल होता म्हणून. `04/04` कुठूनही वाचलं तरी तेच. वर्षात असे बारा दिवस असतात आणि मी चाचणी नेमकी त्यातल्या एका दिवशी घेतली.

तपासायला वायद्याचा रकाना निवडून `Format`, `Number`, `Custom date and time` मधून महिना अक्षरांत दिसेल असं रूप दिलं. आता सगळं उघडं पडलं. ज्यांचा दिवस १२ किंवा त्याआतला, त्या तारखा बदलून भलत्याच महिन्यात गेल्या होत्या: फेब्रुवारी, ऑगस्ट, नोव्हेंबर. ज्यांचा दिवस १२ च्या पुढचा, त्यांच्यावर रूप बदलण्याचा काहीच परिणाम झाला नाही. पंधरावा महिना नसतोच, म्हणून `15/04/2025` ला शीटने तारीख मानलंच नाही आणि साधा मजकूर म्हणून ठेवून दिलं. परवा डावी-उजवीकडे चिकटलेल्या तारखा दिसल्या त्या याच. आकडा किंवा तारीख आपोआप उजवीकडे जाते आणि मजकूर डावीकडे. खूण तेव्हाच समोर होती, मी तिला दिसण्याची बाब समजले.

रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(E2)` लिहून खालपर्यंत ओढलं. ७७ ठिकाणी `TRUE` आणि १०९ ठिकाणी `FALSE`. शीटच्या आत तारीख म्हणजे एक आकडा असतो, दिवसांची सलग मोजणी. १५ एप्रिल २०२५ चा आकडा ४५७६२. `TODAY()` सुद्धा असाच आकडा देतो आणि नियम फक्त दोन आकडे जुळतात का ते बघतो. मजकूर कितीही तारखेसारखा दिसला तरी तो आकड्याशी जुळत नाही, आणि शीट चूक झाल्याचा इशाराही देत नाही. ती ओळ फक्त कधीच रंगत नाही. १०९ वायद्यांचं तसं होणार होतं.

शनिवार, ५ एप्रिल, रात्र

दुरुस्ती. `File` मधून `Settings` उघडलं. `Locale` मध्ये `United States` होतं, ते `India` केलं. ही निवड त्या फाइलची असते, टाइप करणाऱ्याच्या फोनची किंवा लॅपटॉपची नाही. जुन्या नमुन्याची प्रत काढली तेव्हा ती सोबत आली.

निवड बदलल्याने पुढच्या नोंदी बरोबर वाचल्या जातील, पण आधी टाकलेल्या सुधारत नाहीत. उलटलेल्या तारखा उलटलेल्याच राहतात आणि मजकूर मजकूरच राहतो. म्हणून आधी पूर्ण पानाची एक प्रत बाजूला ठेवली, मग मोकळ्या रकान्यात हे सूत्र लिहून खाली ओढलं:

```
=IF(ISNUMBER(E2),
  DATE(YEAR(E2),DAY(E2),MONTH(E2)),
  DATEVALUE(E2))
```

आकडा असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल, मजकूर असेल तर त्याची तारीख. हे एकदाच करायचं, आणि `India` निवडल्यानंतर एकही नवी नोंद टाकायच्या आत करायचं. नवी नोंद बरोबर वाचलेली असणार आणि या सूत्रात सापडली तर तीच उलटी होणार.

तीन ओळींत `#VALUE!` आलं आणि तिन्ही बघण्यासारख्या होत्या. एकीत `20 ला` असं लिहिलेलं. दुसरीत `अक्षय्य तृतीयेआधी`, ती ताईने गिऱ्हाइकाच्या शब्दांत उतरवली होती; यंदा तृतीया ३० एप्रिलला आहे म्हणून २९ टाकलं. तिसरीत `31/04/2025`. एप्रिलला एकतिसावा दिवसच नाही. वहीतही तसंच होतं, म्हणजे ही चूक वहीत तीन आठवडे कुणाच्या लक्षात न येता पडून होती. त्या बाईंना फोन करून ३० ठरवलं.

एक ओळ गुपचूप बिघडली. ताईने एका ठिकाणी `12 Apr` असं महिन्याचं नाव लिहिलं होतं. ते शीटने पहिल्यापासून बरोबर वाचलं होतं, माझ्या अदलाबदलीने ते ४ डिसेंबर झालं. निकालाचा रकाना क्रमाने लावून वरच्या आणि खालच्या टोकाला काय आहे ते बघितलं म्हणून सापडलं. शिवणकामाचा वायदा डिसेंबरचा असूच शकत नाही.

मग निकालाचा रकाना कॉपी करून `E` वर `Ctrl+Shift+V` ने चिकटवला. त्याने फक्त किमती येतात, सूत्र येत नाही. १८६ च्या १८६ ओळींत `ISNUMBER` आता `TRUE`.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी दहाला पुन्हा मावशीचा फोन: "कालच्या ओळी पिवळ्या आहेत, आजच्या नाहीत." जेवून दुकानात गेले तर आजच्या बरोबर पिवळ्या होत्या. मावशी म्हणाली, "तू आलीस की सुधारतं बघ." पण शनिवारी सकाळीही ती हेच सांगत होती आणि मी तिचं म्हणणं फोनवर ढकलून मोकळी झाले होते. ती बरोबर होती.

`Settings` मध्ये `Locale` च्या खालीच `Time zone` असतं. शनिवारी रात्री मी वरची ओळ बदलली आणि खालची वाचलीच नाही. तिथे पॅसिफिक वेळ होती. `TODAY()` फाइलच्या या घड्याळाने चालतो. एप्रिलमध्ये ती वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजेपर्यंत शीटसाठी कालचाच दिवस. मी दुकानात जाते ती दुपारनंतर, मावशी बघते सकाळी. म्हणून ते फक्त तिलाच दिसत होतं. आता तिथे `(GMT+05:30)` ची भारतीय वेळ निवडली.

असं पुन्हा झालं तर ते पहिल्या नजरेला कळावं म्हणून शीर्षकांच्या वर एक ओळ घातली. `A1` मध्ये "आज" आणि `B1` मध्ये `=TODAY()`. वरच्या दोन ओळी `View`, `Freeze` ने गोठवल्या, त्यामुळे फोनवरही त्या कायम दिसतात. ओळ घातल्यावर नियमाचा भाग आपोआप `A3:G1001` झाला आणि सूत्रातलं `$E2` चं `$E3`. तरी उघडून खात्री केली, आणि नियम आता या दिसणाऱ्या तारखेवर टेकवला:

```
=$E3=$B$1
```

इथे `B1` च्या दोन्ही भागांना डॉलर, कारण सगळ्या ओळींनी त्याच एका चौकोनाकडे बघायचं आहे. मावशी आता आधी वरची तारीख वाचते आणि मग पिवळ्या ओळी.

बुधवार, ९ एप्रिल

मावशीची तक्रार रास्त होती: दिलेलं कामही संध्याकाळपर्यंत पिवळंच राहतं, मग उरलं काय ते पुन्हा मोजावं लागतं. नियमात स्थिती जोडली.

```
=AND($E3=$B$1,$F3<>"दिले")
```

दोन ओळी तरीही पिवळ्या राहिल्या. एकीत ताईने "दिलं" लिहिलं होतं, दुसरीत "दिले" च्या पुढे एक मोकळी जागा होती. बोलताना दोन्ही एकच, नियमाला नाही. `F` मध्ये `Data`, `Data validation` मधून निवडीची यादी लावली: शिवायचे, तयार, दिले. आता कुणी टाइप करतच नाही, बोट लावून निवडतात. तिथूनच `E` ला `Is valid date` ची अट लावली आणि `Reject input` निवडलं. "20 ला" आता आत शिरत नाही. बाहेरून कॉपी करून चिकटवलेलं मात्र या अटीला चुकवून आत येऊ शकतं.

शनिवार, १२ एप्रिल

एक वायदा रंगला नाही. तारीख बरोबर, खरी तारीख, उजवीकडे चिकटलेली. चौकोनावर बोट ठेवलं तेव्हा वरच्या पट्टीत दिसलं, ताईने वेळही टाकली होती: `12/04/2025 17:00`. गिऱ्हाईक संध्याकाळी पाचला येणार म्हणून. रकान्याचं रूप फक्त तारखेचं असल्यामुळे वेळ दिसत नव्हती, पण आकडा ४५७५९ न राहता ४५७५९.७०८ झाला होता आणि नुसत्या ४५७५९ शी तो जुळत नाही. वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक, तो `INT` ने काढून टाकता येतो.

```
=AND(INT($E3)=$B$1,$F3<>"दिले")
```

ताईला वेळ लिहू नको असं सांगितलं नाही. पाचला येणार ही माहिती कामाची आहे, तिने ती लिहावी. रकान्याचं रूप बदलून वेळही दिसेल असं केलं.

मंगळवार, २२ एप्रिल

दहा दिवस सुरळीत गेले. आज दोन नव्या ओळी रंगल्या नाहीत. नियम उघडला तर एकाऐवजी चार दिसले आणि भाग तुटून तुकडे झाले होते: कुठे `A3:G88`, कुठे `A91:G140`. ताई एकाच घरच्या चार-पाच ब्लाउजांसाठी जुनी ओळ कापून किंवा कॉपी करून खाली चिकटवते आणि तिच्याबरोबर रंगाचा नियमही उचलला जातो. तीन नियम पुसले, एकाचा भाग पुन्हा `A3:G1001` केला. ओळ चिकटवायची ती `Ctrl+Shift+V` ने, हे लॅपटॉपच्या पडद्याखाली चिठ्ठी लावून ठेवलं आहे. महिन्यातून एकदा नियमांची यादी उघडून बघावी लागेल, यातून सुटका दिसत नाही.

मावशीच्या भाचेसुनेने आज हेच एक्सेलमध्ये करून मागितलं. `Home`, `Conditional Formatting`, `New Rule`, आणि त्यात `Use a formula to determine which cells to format`. सूत्र आणि डॉलरचं गणित तेच. फरक एवढा की लॅपटॉपवरचं एक्सेल तारखेचा क्रम आणि घड्याळ दोन्ही त्या यंत्राच्या मांडणीवरून घेतं. म्हणजे फाइल ठीक असली तरी यंत्राची मांडणी अमेरिकी असेल तर टाइप केलेली तारीख तशीच उलटते.

शुक्रवार, २५ एप्रिल

तृतीयेच्या आदल्या दिवसाचे, २९ चे, अकरा वायदे आहेत. शिवणाऱ्या दोघींनी मावशीमार्फत मागणी केली की आदल्या दिवशीही कळू दे. हुक, काजं आणि हातशिलाई आदल्या रात्रीच उरकावी लागते, वायद्याच्या सकाळी कळून उपयोग नसतो. दुसरा नियम घातला, फिकट निळा:

```
=AND(INT($E3)=$B$1+1,$F3="शिवायचे")
```

"तयार" झालेली ओळ निळी होत नाही, कारण तिथे त्यांचं काम संपलेलं असतं. राहून गेलेल्या वायद्यांसाठी तिसरा, फिकट लाल. त्यात `$E3<>""` लिहायला विसरले आणि खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी लाल झाल्या. रिकामा चौकोन शून्य धरला जातो आणि शून्य आजच्या आकड्यापेक्षा लहानच. आजच्या नियमात हे कधी जाणवलं नाही, कारण शून्य आजच्या आकड्याइतकं असू शकत नाही.

```
=AND($E3<>"",INT($E3)<$B$1,$F3<>"दिले")
```

रविवार, ४ मे

लग्नसराईत दुकान रविवारीही उघडं आहे. सकाळी नऊला मावशीने फोनवरचा पडदा पाठवला. वर "आज, ४ मे २०२५", खाली पाच ओळी पिवळ्या. त्यात पहिलीच पावती त्या नवरीची, जी ५ एप्रिलला चुकून रंगली होती. काल ती निळी होती, काल रात्री दोघींनी त्या ब्लाउजला हुक लावून लटकन शिवलं. नवरी अकराला आली, ट्रायल घेतली, बाही अर्धा इंच आत घ्यावी लागली. ते तिथेच करून दिलं. मावशीने स्वतः फोनवर "दिले" निवडलं आणि ओळीचा रंग गेला.